वकिलांसोबतच्या कॉलचा सारांश कसा लिहायचा? तारीखवार घटनाक्रम आणि उरलेल्या प्रश्नांची यादी

नागपूरला सीताबर्डीत माझ्या मामांचं स्कूल बॅगांचं होलसेल दुकान आहे. बाहेरगावच्या एका दुकानदाराने त्यांना ८५,००० रुपयांचा चेक दिला होता आणि तो बँकेतून परत आला. २२ मार्च २०२५, शनिवार. दुपारी मामा म्हणाले, "अरे, वकील मॅडमचा फोन येणार आहे, तू बाजूला बस. मला ते कलम-बिलम समजत नाही." कॉल २६ मिनिटं चालला. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मामा, नोटीस कधीपर्यंत पाठवायची म्हणाल्या?" मामा म्हणाले, "एका महिन्यात." कधीपासून एक महिना, ते मात्र त्यांना सांगता आलं नाही.

खरी अडचण इथेच होती. हा लेख त्या कॉलच्या नोंदींवर आहे. केस चेक बाऊन्सची असली तरी डिपॉझिट, नोकरी किंवा फ्लॅटच्या भांडणातही हीच पद्धत चालते.

## चेक बाऊन्समध्ये तारखा इतक्या का महत्त्वाच्या?

चेक बाऊन्सची केस निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, १८८१ च्या कलम १३८ खाली चालते. त्यात मुदतींची एक साखळी आहे. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरावा लागतो. तो परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाली, की ३० दिवसांच्या आत समोरच्याला लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला १५ दिवस असतात. त्याने दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करावी लागते. तक्रारीला उशीर झाला तर योग्य कारण दाखवून कोर्टाकडे माफी मागता येते. पण नोटिशीचे ३० दिवस चुकले, की त्या बाऊन्सवर केस उभी राहणं कठीण.

## कॉल सुरू असताना काय लिहायचं?

सगळं बोलणं उतरवून घ्यायला जाऊ नका. मी कागदावर तीनच खुणा वापरल्या: "त" म्हणजे तारीख किंवा घटना, "स" म्हणजे वकिलांचा सल्ला आणि "प्र" म्हणजे उत्तर न मिळालेला प्रश्न. प्रत्येक ओळीसमोर कॉलचं मिनिट लिहिलं, उदाहरणार्थ "११ – त – फेब्रुवारीत १०,००० आले".

कॉल रेकॉर्ड करायचा असेल तर आधी वकिलांना विचारा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आणि आयफोनवर रेकॉर्डिंग सुरू झाल्याची घोषणा दोन्हीकडे ऐकू जाते. न विचारता बटण दाबलं तर संभाषण तिथेच अवघडतं. रेकॉर्डिंग असलं तरी सारांश त्याच दिवशी लिहा. "मागच्या आठवड्यात", "होळीच्या आधी" असे शब्द चार दिवसांनी ऐकले, तर नेमकी तारीख काढायला दुप्पट वेळ जातो.

## पहिला भाग: घटनाक्रम

फोनवर बोलताना कोणीच क्रमाने बोलत नाही. मामांनी सुरुवात केली, "जानेवारीत चेक परत आला ना, मॅडम." मग बँकेतल्या फेऱ्या, मग पार्टीचे बहाणे, आणि पंधराव्या मिनिटाला, "नंतर परत टाकला होता म्हणा." म्हणजे चेक दोनदा बाऊन्स झाला होता, आणि मामांच्या डोक्यात त्या दोन्ही घटनांची एकच गोष्ट झाली होती.

संध्याकाळी मी गूगल शीट्समध्ये तीन कॉलम केले. पहिल्या ओळीत शीर्षकं आणि दुसऱ्या ओळीपासून नोंदी:

| तारीख | काय घडलं | कशावरून |
|---|---|---|
| 2025-01-20 | चेकवरची तारीख, रक्कम ८५,००० | चेकचा फोटो |
| 2025-01-28 | चेक पहिल्यांदा परत, खात्यात पुरेशी रक्कम नाही | बँकेचा एसएमएस |
| 2025-02-15 | पार्टीकडून यूपीआयने १०,००० जमा | बँक स्टेटमेंट |
| 2025-03-03 | चेक दुसऱ्यांदा भरला | जमा पावती |
| 2025-03-04 | चेक दुसऱ्यांदा परत | बँकेचा एसएमएस |
| 2025-03-07 | बँकेचा रिटर्न मेमो हातात मिळाला | मामांची आठवण |

तिसरा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा आहे. कागद असेल तर कागदाचं नाव लिहा, आणि फक्त आठवण असेल तर स्पष्ट "आठवण" लिहा. वकिलांना कोणत्या ओळीवर उभं राहता येईल, ते यावरून कळतं. दुसऱ्या कॉलममध्ये फक्त घडलेली गोष्ट लिहा. "पार्टीने मुद्दाम फसवलं" ही घटना नाही, आपलं मत आहे. "१२ फेब्रुवारीला फोन उचलला नाही" ही घटना आहे, आणि तिला कॉल लॉगचा आधार देता येतो.

टेबल भरल्याबरोबर खरं चित्र दिसलं. जानेवारीच्या बाऊन्सवर नोटीस पाठवायची मुदत २७ फेब्रुवारीलाच संपली होती. पण चेक मुदतीत असेपर्यंत पुन्हा भरता येतो आणि नव्या बाऊन्सवर नवी नोटीस देता येते. त्यामुळे मार्चमधल्या बाऊन्समुळे मामांची केस अजून शिल्लक होती.

## शीटमध्ये मुदत मोजताना होणारी चूक

मुदत काढायला साधं सूत्र पुरतं. एसएमएसची तारीख A6 मध्ये असेल तर:

```
=A6+30
```

उत्तर ३ एप्रिल २०२५. तारखेऐवजी `45750` असा आकडा दिसला तर घाबरू नका, सेलचा फॉरमॅट "डेट" करा.

खरी चूक तारीख टाइप करताना होते. पहिल्यांदा मी `04/03/2025` असं टाकलं होतं. माझ्या शीटचं लोकेल अमेरिकेचं होतं. तिथे आधी महिना लिहितात, म्हणून शीटने ती ३ एप्रिल धरली आणि मुदत ३ मे दाखवली. म्हणजे एक महिना उशीर, आणि केस गेली असती! ही चूक ओळखायची सोपी खूण आहे. `22/03/2025` सारखी तारीख टाकून बघा. बावीसावा महिना नसतो, म्हणून ती सेलमध्ये डावीकडे चिकटून मजकूर म्हणून राहिली, तर समजा लोकेल चुकीचं आहे. सेटिंग्जमध्ये लोकेल भारताचं करा आणि तारीख `2025-03-04` अशी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा.

## दुसरा भाग: उरलेले प्रश्न

इथे फक्त प्रश्न लिहून भागत नाही. उत्तर कोण देणार, कधीपर्यंत, आणि उत्तर बदललं तर केसमध्ये काय बदलतं, तेही लिहा. आमच्या यादीत तीन प्रश्न उरले.

१. ३० दिवस एसएमएसपासून मोजायचे की मेमोपासून? एसएमएस धरला तर ३ एप्रिल, मेमो धरला तर ६ एप्रिल, आणि त्या दिवशी रविवार. उत्तर वकील देणार. मॅडमचा निरोप आला: वाद नको, आधीची तारीख धरा.

२. १५ फेब्रुवारीचे १०,००० कशाचे? कॉलमध्ये मामा हे सहज बोलून गेले होते. मी "प्र" लिहिलं म्हणून ते हरवलं नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या एका निकालानुसार, चेक दिल्यानंतर आणि तो भरण्याआधी त्याच देण्यापोटी काही पैसे आले असतील, तर चेकवर तशी नोंद न करता तो पूर्ण रकमेचा भरला तर कलम १३८ लागू होत नाही. म्हणजे हे १०,००० त्याच बिलाचे निघाले असते, तर मार्चचा बाऊन्स उपयोगाचाच नव्हता. उत्तर मामा देणार, दोन दिवसांत. मामांनी खातेवही काढली. रक्कम दिवाळीच्या जुन्या बिलाखाली जमा होती, आणि त्याच दिवशीचा पार्टीचा व्हॉट्सअॅप मेसेजही सापडला: "दिवाळीचे बाकी पाठवले."

३. तक्रार नागपूरलाच करता येईल का? पार्टी दुसऱ्या जिल्ह्यातली असल्यामुळे मामांना ही धास्ती होती. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, चेक आपल्या खात्यात भरला असेल तर आपलं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट चालतं. मामांचं खातं सीताबर्डीच्या शाखेत आहे, त्यामुळे नागपूरच.

उत्तर मिळालेला प्रश्न खोडू नका. त्याच्यापुढे उत्तर, तारीख आणि कोणी सांगितलं ते लिहा.

## सल्ला वेगळ्या पानावर

"स" खुणेच्या ओळी घटनाक्रमात मिसळू नका. घटनाक्रम पुढे नोटिशीत आणि तक्रारीत वापरला जाईल, म्हणजे तो समोरच्यापर्यंत जाणार. वकिलांनी तुम्हाला सांगितलेलं गोपनीय असतं आणि भारतीय साक्ष अधिनियमात त्याला संरक्षण आहे. पण तेच तुम्ही "फॅमिली" ग्रुपवर टाकलं आणि कोणी पुढे पाठवलं, तर कायदा ते परत आणून देत नाही. मी दोन फाइल केल्या, आणि सल्ल्याची फाइल फक्त मामा आणि मॅडम यांच्याशी शेअर केली.

मूळ पुरावा फोनमधून हलवू नका. स्क्रीनशॉट आपल्या सोयीसाठी असतो. चॅट कोर्टात द्यायचं तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि त्या वेळी मूळ फोन व मूळ मेसेज असलेला बरा. म्हणून त्या चॅटचं डिसअपिअरिंग मेसेजेस बंद आहे ना, ते आजच तपासा. फोन एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर आधी वकिलांना विचारा.

## शेवटची पायरी: वकिलांकडून तपासून घ्या

त्याच रात्री मी मॅडमना टेबल पाठवलं आणि खाली एकच ओळ लिहिली: "आमच्या समजुतीप्रमाणे नोटीस ३ एप्रिलच्या आत जायला हवी. काही चुकलं असेल तर कृपया कळवा." असं विचारल्यावर चूक असेल तर ती लगेच पकडली जाते.

नोटीस २७ मार्चला पोस्टाने गेली आणि २९ मार्चला पार्टीला मिळाली. ती ओळ A9 मध्ये टाकली. १५ दिवस १३ एप्रिलला संपतात, तक्रारीचा हक्क १४ एप्रिलला सुरू होतो, आणि तिथून एक महिना:

```
=EDATE(A9+16,1)
```

उत्तर १४ मे. ही मात्र शेवटची कड आहे. मॅडमनी स्वतःच्या डायरीत ५ मे लिहिली, मामांनी दुकानातल्या कॅलेंडरवर तीच तारीख लाल पेनाने गोल केली, आणि मी फोनमध्ये २ मेचं रिमाइंडर लावलं.