रिकाम्या जागेतील ‘ले’ आणि ‘लेड’

* ‘शी —— ऑन द बेड ऑल आफ्टरनून’ या वाक्याच्या रिकाम्या जागी पुष्कळ विद्यार्थी ‘लेड’ हे रूप भरतात. याचे कारण असे की, ‘आडवे होणे’ या अर्थाच्या अकर्मक ‘लाय’ धातूचे भूतकाळी रूप ‘ले’ हे, ‘ठेवणे’ या अर्थाच्या सकर्मक ‘ले’ धातूच्या वर्तमानकाळी रूपाशी अक्षरशः एकरूप असल्यामुळे, ते भूतकाळाचे असू शकते यावर त्यांचा विश्वासच बसत नाही. पहिल्याची रूपे लाय, ले, लेन. दुसऱ्याची ले, लेड, लेड. उभयतांचे नाते आपल्या ‘पडणे’ व ‘पाडणे’ यांच्यासारखेच आहे, कारण प्राचीन जर्मानिक भाषांत मूळ धातूच्या स्वराला विकार होऊन प्रयोजक धातू सिद्ध होत असे. ‘राइझ’ व ‘रेझ’ ही जोडीही त्याच घराण्यातली. म्हणून रूप आठवण्यापूर्वी कर्म शोधावे. ‘द हेन —— ॲन एग’ यात अंडे हे कर्म, म्हणून ‘लेड’. वरील वाक्यात मात्र शय्या हे केवळ अधिकरण आणि दुपार हा काळ, सबब ‘ले’. त्याच न्यायाने सूर्य ‘रोझ’, पण सैनिकांनी निशाण ‘रेझ्ड’. ही कसोटी कर्मणि प्रयोगात फसवते: ‘द कार्पेट वॉज —— येस्टर्डे’ यात पुढे कर्म दिसत नाही, कारण तेच कर्त्याच्या जागी जाऊन बसलेले असते; तेथे ‘लेड’च हवे. ‘खोटे बोलणे’ या अर्थाचा ‘लाय’ हा स्वतंत्र व नियमित धातू असून त्याचे भूतकाळी रूप ‘लाइड’ असे होते. — संपादक