ॲनालिटिक्समधील प्रक्रिया-विलंब

संकेतस्थळाच्या किंवा ॲपच्या अहवालात शेवटच्या एक-दोन दिवसांचे आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात आणि नंतर आपोआप वाढतात, तो परिणाम. गूगल ॲनालिटिक्स ४ मध्ये दिवसाचा आकडा स्थिर व्हायला २४ ते ४८ तास लागू शकतात. तोपर्यंत आलेखाची उजवीकडची शेपटी खाली झुकलेली असते. ही घसरण बाजाराची नसून हिशेब अर्धवट राहिल्याची असते.

कारणे मुख्यतः दोन. भेटीची नोंद सर्व्हरवर तत्काळ पोहोचली, तरी तिची जुळवणी आणि बेरीज टप्प्याटप्प्याने होते. दुसरे म्हणजे काही नोंदी पोहोचतातच उशिरा. नेटवर्क नसलेल्या जागी ॲप वापरले, तर नोंदी फोनमध्येच साठतात आणि जोडणी मिळाल्यावर एकदम जातात. बिगक्वेरीत निर्यात करणाऱ्यांना हे उघड दिसते : चालू दिवसाचा तक्ता `events_intraday_` या नावाने भरत जातो, पूर्ण दिवसाचा `events_` नावाचा तक्ता तयार झाल्यावरही तीन दिवसांपर्यंत त्यात भर पडू शकते.

कल्पित उदाहरण घेऊ. सिल्वासात शनिवार-रविवारच्या पाहुण्यांवर चालणारे एक रिसॉर्ट आहे. सोमवारी सकाळी नऊला व्यवस्थापक अहवाल उघडतो : शनिवारच्या भेटी ४१०, रविवारच्या २५०. ऐन सुट्टीत एवढी घट पाहून तो जाहिरातीचे पैसे वाढवायला निघतो. बुधवारी त्याच रकान्यांत ४५५ आणि ४१७ दिसतात. म्हणजे सोमवारी रविवारचा आकडा जेमतेम ६० टक्के भरला होता. चूक तुलनेची होती. एक दिवस वयाचा आकडा दोन दिवस वयाच्या आकड्याशेजारी ठेवला गेला.

म्हणून तुलना समान वयाच्या आकड्यांची करावी. दर सोमवारी नऊला रविवारचा आकडा टिपून ठेवला आणि बुधवारी तोच पुन्हा पाहिला, की काही आठवड्यांत नेहमीचे भरण्याचे प्रमाण कळते. एरवी ६० टक्के भरलेला, २५०च्या आसपासचा आकडा एखाद्या सोमवारी ९०च असेल, तर विलंबावर बोट ठेवून थांबू नये. पानावरचा मोजणीचा कोड निघाला आहे का, हे ‘रिअलटाइम’ अहवालात आणि आरक्षणाच्या वहीत पडताळावे.

दिवस कुठे सुरू होतो, हाही घोळ असतो. गूगल सर्च कन्सोलच्या नेहमीच्या अहवालातला दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेने मोजला जातो. भारतात तो दुपारी साडेबाराला, हिवाळ्यात दीडला उजाडतो. त्यामुळे भारतीय वेळेवर ठेवलेल्या ॲनालिटिक्सचा आणि सर्च कन्सोलचा ‘रविवार’ एकच नसतो.

ॲनालिटिक्समध्ये आरक्षणाचे श्रेय कोणत्या जाहिरातीला द्यायचे, याचा निर्णय मात्र बारा दिवसांपर्यंत बदलू शकतो. एकूण बेरीज तीच राहून वाटणी हलते. उशिरा येणाऱ्या नोंदींनाही मर्यादा आहे : फोनमधून ७२ तासांहून जास्त उशिरा आलेली नोंद मोजलीच जात नाही.