नाव लेव्हनश्टाइनचं, तक्ता कुणाचा?

दोन शब्दांमधलं अंतर म्हटलं की आपण प्रोग्रॅमर लोक लगेच 'लेव्हनश्टाइन' म्हणतो आणि एक तक्ता काढायला बसतो. मीही इतकी वर्षं दोन्ही एकाच माणसाचं समजत होतो. पण व्लादिमिर लेव्हनश्टाइनच्या १९६५ च्या रशियन लेखात तो तक्ता नाहीच! त्याचा प्रश्न वेगळा होता: शून्य-एकच्या संदेशात एखादं चिन्ह गळलं, जादा घुसलं किंवा उलटलं, तरी मूळ संदेश ओळखता येईल असे कोड कसे बनवायचे? त्यासाठी त्याने अंतराची व्याख्या केली. ते मोजायचं कसं, हे काम इतरांनी केलं.

१९६८ साली कीव्हमध्ये तारास विंत्सुक यांनी बोललेले शब्द ओळखण्यासाठी असाच तक्ता वापरला. १९७० मध्ये अमेरिकेत नीडलमन आणि वुन्श यांनी प्रथिनांच्या साखळ्या जुळवायला तो वापरला. आपण आज शिकतो ती मांडणी वॅग्नर आणि फिशर यांच्या १९७४ च्या लेखातली.

आता 'नगर'चं 'गरज' करून बघू. जागेनुसार तुलना केली तर तिन्ही अक्षरं वेगळी. तक्ता काय म्हणतो?

```
     -  ग  र  ज
-    0  1  2  3
न    1  1  2  3
ग    2  1  2  3
र    3  2  1  2
```

प्रत्येक घरात तीन पर्यायांतला सर्वांत लहान आकडा येतो: वरचा अधिक १ (अक्षर गाळलं), डावा अधिक १ (अक्षर घातलं), किंवा तिरका, ज्यात अक्षरं वेगळी असतील तरच १ मिळवायचा. शेवटच्या घरात २ आले. म्हणजे अंतर तीन नाही, दोन.

पण कुठले दोन बदल? त्यासाठी उलटं चालायचं. शेवटचे २ डावीकडच्या १ वरूनच येऊ शकतात, म्हणजे 'ज' घातला. पुढे दोनदा तिरकं, म्हणजे 'र' आणि 'ग' तसेच राहिले. मग सरळ वर, म्हणजे 'न' गाळला. झालं! इथे वाट एकच निघाली. एरवी दोन पर्याय बरोबरीत आले, तर तितक्याच बदलांच्या अनेक वाटा निघतात आणि प्रोग्रॅम त्यातली कुठलीही एक दाखवतो.

गंमत पुढेच आहे. नुसता आकडा हवा असेल तर मागची एक ओळ लक्षात ठेवली की पुरे, बाकी तक्ता पुसला तरी चालतं. पण तक्ता पुसला की परतीची वाट गेली. दहा-दहा हजार अक्षरांच्या दोन मजकुरांसाठी दहा कोटी घरं सांभाळायची म्हणजे कठीणच. १९७५ मध्ये हर्शबर्ग याने त्यावर तोड काढली: एका मजकुराचे मधोमध दोन भाग करायचे, अर्धा तक्ता पुढून आणि अर्धा मागून भरायचा, वाट मधली रेघ कुठे ओलांडते ते शोधायचं, आणि दोन्ही बाजूंना पुन्हा तेच. वेळ साधारण दुप्पट लागतो, पण मेमरी काही ओळींपुरतीच.

तेव्हा लेव्हनश्टाइनचं नाव जरूर घ्या, पण ते अंतरासाठी. तक्ता आणि परतीची वाट दुसऱ्यांची आहे.