औषध-स्मरण ॲप

औषध-स्मरण ॲप म्हणजे ठरलेल्या वेळी औषध घेण्याची आठवण करून देणारे आणि घेतलेल्या व चुकलेल्या मात्रांची नोंद ठेवणारे मोबाईल ॲप होय. यांपैकी काही ॲपमध्ये, रुग्णाने ठराविक अवधीत औषध घेतल्याची नोंद केली नाही तर त्याच्या नातेवाइकाच्या मोबाईलवरही सूचना पाठवण्याची सोय असते. मुले नोकरीनिमित्त शहरात आणि वृद्ध आई किंवा वडील गावी एकटे, अशा कुटुंबांत या सोयीचा उपयोग केला जातो. मात्र नातेवाइकाला मिळणारी सूचना ही औषध चुकल्याची खात्री नसते. ‘घेतले’ अशी नोंद वेळेत झाली नाही किंवा पोहोचली नाही, एवढाच तिचा अर्थ असतो. या दोन गोष्टींतील अंतर मोबाईल नेटवर्क तुटक असलेल्या डोंगराळ भागात विशेष वाढते.

## इतिहास

या प्रकारच्या ॲपपैकी सुरुवातीचे एक प्रसिद्ध ॲप ‘मेडिसेफ’ हे होय. इस्रायलमधील ओमरी शोर आणि रोतेम शोर या बंधूंनी ते २०१२ मध्ये सुरू केले. त्यांच्या मधुमेही वडिलांनी इन्शुलिनची एक मात्रा घेतल्याचे विसरून ती पुन्हा घेतली होती; त्या घटनेतून या ॲपची कल्पना पुढे आली. नातेवाइकाला सूचना देणाऱ्या त्यातील सोयीला ‘मेडफ्रेंड’ असे नाव आहे. म्हणजेच मूळ अडचण केवळ विसरण्याची नव्हती. घेतले की नाही, हे न आठवल्याने दुप्पट औषध घेतले जाणे ही तिची दुसरी बाजू होती, आणि नोंद ठेवण्याचे महत्त्व त्यातूनच आले.

भारतात याच्या जवळचा मोठा प्रयोग क्षयरोगाच्या उपचारात झाला. ‘९९डॉट्स’ या पद्धतीत गोळ्यांच्या पाकिटाला एक जादा वेष्टन असते. गोळी बाहेर काढली की त्यामागे दडलेला दूरध्वनी क्रमांक दिसतो आणि रुग्ण त्यावर मिस्ड कॉल देतो. त्यासाठी स्मार्टफोन किंवा इंटरनेट लागत नाही. मुंबई, चेन्नई आणि वेल्लोर येथील रुग्णांच्या घरी पूर्वसूचना न देता जाऊन, लघवीतील औषधाच्या अंशाची तपासणी करून या पद्धतीची पडताळणी करण्यात आली. औषध घेतलेल्या अनेकांनी कॉल केलेला नव्हता, तर कॉल नोंदवलेल्या काहींनी औषध घेतलेले नव्हते, असे तीत आढळले. बटण दाबून नोंद करण्याच्या ॲपलाही हीच मर्यादा लागू होते.

## कार्यपद्धती

औषधाचे नाव, मात्रा आणि वेळा ॲपमध्ये एकदा भरल्या जातात. त्यानंतर ॲप रुग्णाच्याच मोबाईलमध्ये त्या वेळांचे गजर लावून ठेवते. त्यामुळे बहुतेक ॲपमध्ये आठवणीचा गजर इंटरनेट नसतानाही वाजतो. गजर झाल्यावर रुग्णाने ‘घेतले’, ‘नंतर’ किंवा ‘वगळले’ यांपैकी एक पर्याय निवडायचा असतो.

नातेवाइकाची सूचना मात्र इंटरनेटवरूनच जाते. ती देण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत रुग्णाचा मोबाईल स्वतः अवधी मोजतो आणि नोंद न झाल्यास ‘मात्रा चुकली’ असा संदेश पाठवतो. दुसरीत वेळापत्रक कंपनीच्या सर्व्हरवरही असते आणि ठरलेल्या अवधीत ‘घेतले’ ही नोंद तेथे पोहोचली नाही, तर सर्व्हर सूचना पाठवतो. रुग्णाचा मोबाईल सुरू असून नेटवर्कमध्ये असेपर्यंत दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. नेटवर्क गेल्यावर मात्र त्या परस्परविरुद्ध चुका करतात.

| प्रत्यक्ष स्थिती | मोबाईल संदेश पाठवतो | सर्व्हर वाट पाहतो |
|---|---|---|
| औषध घेतले, नेटवर्क नाही | सूचना नाही (बरोबर) | सूचना जाते (खोटी) |
| औषध चुकले, नेटवर्क नाही | सूचना नाही (धोकादायक) | सूचना जाते (बरोबर) |

आपले ॲप कोणत्या पद्धतीचे आहे, हे वर्णनातून क्वचितच समजते. पण घरच्या घरी तपासता येते. दहा मिनिटांनंतरची एक चाचणी मात्रा भरावी, ती भरल्याची नोंद सर्व्हरपर्यंत जाऊ द्यावी आणि मग रुग्णाचा मोबाईल बंद करून ठेवावा. ठरलेला अवधी उलटल्यावर नातेवाइकाला सूचना आली, तर ॲप दुसऱ्या पद्धतीचे आहे. आली नाही, तर त्या ॲपच्या शांततेवरून ‘सर्व ठीक आहे’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

## उदाहरण: सिद्धगड परिसर

सिद्धगड हा ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील, भीमाशंकर अभयारण्याच्या क्षेत्रातील किल्ला आहे. पायथ्याला नारिवली हे गाव आणि गडाच्या मधल्या पठारावर सिद्धगडवाडी ही वस्ती आहे. सह्याद्रीच्या कड्यांलगतच्या अशा वस्त्यांत डोंगराच्या आडोशाने घराच्या एका कोपऱ्यात मिळणारे नेटवर्क दुसऱ्या कोपऱ्यात मिळत नाही. पुढील उदाहरण अशा परिस्थितीवर बेतलेले, पण काल्पनिक आहे.

पायथ्याच्या गावात एकटी राहणारी आई सकाळी आठ वाजता रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची एक गोळी घेते. मुलगा कल्याणला राहतो. ॲपमधील अवधी एक तासाचा आहे आणि ॲप दुसऱ्या पद्धतीचे आहे. आठ वाजता गजर होतो, आई आठ वाजून दहा मिनिटांनी गोळी घेते आणि ‘घेतले’ दाबते. घरात नेटवर्क नसल्याने ही नोंद मोबाईलमध्येच पडून राहते. नऊ वाजता मुलाला मात्रा चुकल्याची सूचना जाते. तो फोन लावतो, पण नेटवर्कअभावी फोनही लागत नाही. अकरा वाजता आई मोबाईल घेऊन रस्त्यावर येते, तेव्हा नोंद पुढे जाते आणि मुलाच्या पडद्यावर ‘८:१० – घेतले’ असे दिसते.

असे आठवड्यातून तीन-चार वेळा घडू लागले, की नातेवाईक सूचनांकडे दुर्लक्ष करू लागतो आणि खरी सूचनाही त्यांतच हरवते. यावरील सोपा उपाय म्हणजे अवधी वाढवणे. दिवसातून एकदाच घ्यायच्या आणि काही तास उशीर चालणाऱ्या गोळीसाठी, डॉक्टरांना विचारून, सूचनेचा अवधी दुपारी बारापर्यंत नेला तर वरील खोटी सूचना आलीच नसती. इन्शुलिनसारख्या, जेवणाच्या वेळेशी बांधलेल्या औषधांबाबत ही सवलत नसते. तेथे ॲपऐवजी प्रत्यक्ष शेजाऱ्यावर अवलंबून राहावे लागते.

सूचना आल्यावर काय करायचे, याचा क्रम आधी ठरलेला असावा लागतो: प्रथम आईला फोन, तो न लागल्यास घराजवळच्या एका ठरलेल्या व्यक्तीला फोन, आणि तिने घरी जाऊन पाहणे. चुकलेली मात्रा भरून काढण्यासाठी पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम घेण्यास सांगू नये. घेतली की नाही याचीच शंका असेल, तर आधी पट्टीतील गोळ्या मोजाव्यात. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीची मात्रा दुप्पट झाल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

## गजर न वाजण्याची कारणे

अँड्रॉइड मोबाईलमध्ये बॅटरी वाचवण्याच्या सोयींमुळे गजर उशिरा वाजतो किंवा वाजतच नाही. २०१५ मधील अँड्रॉइड ६ पासून, पडून राहिलेल्या मोबाईलमधील ॲपची कामे पुढे ढकलली जातात. २०२२ मधील अँड्रॉइड १३ पासून नव्या ॲपला सूचना दाखवण्यासाठी वेगळी परवानगी लागते. पुढच्या आवृत्तीत अचूक वेळेच्या गजराची परवानगीही अनेक नव्या ॲपना आपोआप मिळत नाही. म्हणून सेटिंग्जमध्ये त्या ॲपची बॅटरी ‘Unrestricted’ ठेवावी लागते आणि ‘Alarms & reminders’ ही परवानगी दिलेली आहे का, हे पाहावे लागते.

मोबाईल बंद झाला की त्यात लावलेले गजर पुसले जातात. पुन्हा सुरू झाल्यावर ॲपने ते नव्याने लावायचे असतात. परंतु काही कंपन्यांच्या मोबाईलमध्ये ॲपना आपोआप सुरू होण्यास मनाई असते. अशा वेळी वीज नसल्याने मोबाईल रात्री बंद पडला आणि सकाळी सुरू केला, तरी ॲप उघडेपर्यंत एकही गजर होत नाही. ॲप बसवल्यावर मोबाईल एकदा बंद-सुरू करून, ॲप न उघडता चाचणी गजराची वाट पाहिल्यास हा दोष लगेच कळतो.

नातेवाइकाच्या मोबाईलमध्ये याहून न दिसणारी अडचण असते. अनेक महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या अँड्रॉइड काढून घेते, आणि २०२१ मधील अँड्रॉइड १२ पासून अशा ॲपला ते निद्रिस्तही करते. निद्रिस्त ॲपला सर्व्हरचा संदेश मिळत नाही. आई नियमित औषध घेत असेल तर मुलाला सूचना येत नाहीत, म्हणून तो ॲप उघडत नाही, आणि बऱ्याच काळाने खरोखर मात्रा चुकते तेव्हा त्याचे ॲप झोपलेले असते. ‘Pause app activity if unused’ हा पर्याय बंद ठेवणे किंवा आठवड्यातून एकदा ॲप उघडून नोंदी पाहणे, हे त्यावरील उपाय आहेत. नव्या आवृत्त्यांत या पर्यायाचे नाव थोडे वेगळे असते.

## नोंदीची पडताळणी

गजर बंद करण्याच्या घाईत ‘घेतले’ दाबून गोळी घ्यायची राहून जाणे, ही नेहमीची चूक आहे. ती ओळखण्यासाठी गोळ्या मोजल्या जातात. महिन्याच्या १ तारखेला ३० गोळ्यांनी सुरुवात केली आणि रोज एक गोळी घेतली, तर १६ तारखेची गोळी घेतल्यावर १४ उरायला हव्यात. ॲपमध्ये सोळाही दिवस ‘घेतले’ असून पट्टीत १७ गोळ्या असतील, तर तीन वेळा केवळ बटण दाबले गेले. उलट ११ गोळ्याच असतील, तर तीन गोळ्या जास्त घेतल्या गेल्या किंवा हरवल्या, आणि हे डॉक्टरांना सांगणे आवश्यक ठरते.

वेळापत्रक भरतानाची चूक अधिक गंभीर असते, कारण ॲप ती रोज इमानाने पाळते. संधिवातावरील मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते दररोजचे म्हणून भरले गेल्यास प्राणघातक ठरू शकते. डॉक्टरांनी मात्रा बदलल्यावर ॲपमधील जुनी मात्रा तशीच राहणे, हेही वारंवार घडते. त्यामुळे प्रत्येक तपासणीनंतर ॲपमधील यादी औषधाच्या चिठ्ठीशी ताडून पाहावी लागते.

## संमती आणि गोपनीयता

औषधांच्या यादीवरून व्यक्तीचे आजार कळतात, आणि ही यादी ॲपच्या कंपनीकडे व नातेवाइकाकडे जाते. भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार, संमतीच्या आधारे दिलेल्या माहितीबाबत ती संमती मागे घेण्याचा हक्क संबंधित व्यक्तीला आहे. मुलाने आईच्या मोबाईलमध्ये ॲप बसवले तरी ही माहिती आईचीच असते. कोणती औषधे नातेवाइकाला दिसावीत, हे काही ॲपमध्ये औषधागणिक ठरवता येते.