‘उद्या प्रेझेंट कराचं आहे’: पीपीटीवरून बोलायची स्क्रिप्ट

वलगावच्या मावसभावाने रात्री गाडगेबाबांवरची बारा स्लाइड्सची पीपीटी पाठवली. सोबत एकच ओळ: “दादा, उद्या हे प्रेझेंट कराचं आहे.” वेळ किती, समोर कोण, काहीच नाही. फोनही लागेना.

अशा वेळी अंदाज धरायचा आणि तो स्क्रिप्टच्या वरच लिहायचा. मी धरलं: दहा मिनिटं, समोर वर्गातली मुलं. मिनिटाला साधारण शंभर शब्द, म्हणजे हजार शब्द पुरे.

एका स्लाइडवर होतं: ‘निधन: २० डिसेंबर १९५६, वलगावजवळ, पेढी नदीकाठी’. तेच वाचून दाखवलं तर कोण ऐकणार? ते तर सगळ्यांनी आधीच वाचलेलं असतं. म्हणून मी लिहिलं: “आपली पेढी नदी सगळ्यांनी पाहिलीय. तिच्याच काठी, एकोणीसशे छप्पनच्या डिसेंबरात, बाबांचा प्रवास थांबला.” पूर्ण तारीख स्लाइडवरच राहू दिली. साल अक्षरात लिहिलं, म्हणजे वाचताना अडखळायला नको.

एका स्लाइडवर नुसता फोटो होता. तिथे मनाने गोष्ट रचली नाही. ‘हा फोटो कुठला, ते तू सांग’ एवढंच लिहिलं.

शेवटी टायमर लावून मोठ्याने वाचलं. जिथे दम लागला, तिथे वाक्य तोडलं. वेळ कमी मिळाला तर गाळायच्या दोन स्लाइड्सवर खूण केली.