छप्पर गळते ते सांध्यात

पावसाळ्यात घर गळू लागले की आपण पहिल्यांदा कौलांना दोष देतो. गडी वर चढतो, फुटके कौल काढून नवे बसवतो, आणि पुढच्या सरीला पाणी पुन्हा त्याच जागी टपकते. सरळ उतारावरचे पाणी कौलावरून कौलावर घसरत पागोळीला जाते, ते सहसा त्रास देत नाही. जिथे छप्पर भिंतीला, धुराड्याला किंवा दुसऱ्या पाख्याला भेटते, तिथे ते आत शिरते. हे सांधे झाकायची युक्ती माणसाला कशी सापडली, ते आज पाहू.

गवती झोपडीला हा प्रश्न फारसा नव्हता. पाखी बाहेर उतरतात, भिंत छपराच्या वर डोके काढीत नाही. चौकाच्या वाड्यात मात्र चौकाच्या चारही कोपऱ्यांत दोन-दोन पाखी मिळतात, म्हणून तिथे पन्हळ आली. पुढे महाबळेश्वरासारख्या थंड हवेच्या ठिकाणी साहेबांचे बंगले उठले, त्यांना शेकोटीची धुराडी. पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो अशा गावात छपराला भोक पाडून विटांचा खांब वर काढायचा, म्हणजे संकटाला आवतणच!

जुना तोडगा इंग्लंडातल्या चर्चच्या मनोऱ्यांवर दिसतो. मनोऱ्याला छप्पर जिथे टेकते, त्याच्या जरा वर गवंडी भिंतीतून बाहेर आलेली दगडांची तिरपी पट्टी ठेवीत. भिंतीवरून ओघळणारे पाणी त्या पट्टीवरून पुढे छपरावर पडे. गंमत अशी, की पुढे कित्येक ठिकाणी छप्पर उतरवून खाली घेतले गेले, पण पट्टी तशीच राहिली. आज अभ्यासक तिच्यावरून जुन्या छपराची उंची सांगतात. ही पट्टी छपराला चिकटवलेली नव्हती, नुसती त्याच्यावर झुकलेली होती. सारे मर्म इथेच आहे.

कारण भिंत आणि छप्पर एकत्र हलत नाहीत. विटा जागच्या जागी राहतात, तर लाकूड पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, वासा वजनाने थोडा वाकतो. आपले गवंडी कोपऱ्यात चुन्याचा किंवा सिमेंटचा वाटा मारतात. स्वस्तात काम होते, पण एकदोन वर्षांत भिंतीलगत केसाएवढी चीर पडते, आणि तेवढी चीर पाण्याला पुरे. वर पुन्हा सिमेंट थापले की चीर पुन्हा तिथेच! श्रीमंतांच्या इमारतीत शिसे वापरीत. ते मऊ, हवे तसे वळते. पण उन्हात ते फार वाढते. तीन मीटरची एक अखंड पट्टी चाळीस अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटर लांबते, आणि खिळ्यांनी जखडली असेल तर काही वर्षांत फाटते. म्हणून कारागीर दीड मीटरहून लांब तुकडा घेत नाहीत, आणि तुकड्यावर तुकडा चढवतात. फ्रान्समध्ये सोरेल याने 1837 साली लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, आणि पुढे जस्ती पत्रा स्वस्त झाल्यावर हे काम सामान्य घराच्या आवाक्यात आले.

आता एक प्रसंग सांगतो. एका शाळेच्या खोलीला मागाहून पडवी जोडलेली होती. डाग भिंतीपासून हातभर पुढे, वाशाखाली पडे, म्हणून दोन वर्षे तिथलीच कौले बदलली गेली. शेवटी आम्ही उन्हाच्या दिवशी घागरीने पाणी ओतून पाहिले. आधी खालच्या कौलांवर, मग थोडे वर, मग भिंतीलगत, आणि दर वेळी दहा मिनिटे थांबायचे. वरून सुरुवात केली असती, तर सगळेच ओले होऊन काही कळले नसते. पाणी आले ते वाट्यावर घागर रिकामी केल्यावरच. चिरेतून शिरून ते वाशाच्या पोटावरून हातभर सरकत होते.

वाटा फोडला. जस्ती पत्र्याचा एक तुकडा कौलांवर हातरून भिंतीवर वीतभर उभा वळवला आणि छपरालाच खिळला, भिंतीला नाही. त्याच्या वर विटांचा एक दर्जा इंचभर खोल कोरला, दुसऱ्या पत्र्याची कड त्यात घालून लाकडी पाचरीने आवळली, दर्जा भरला, आणि उरलेला पत्रा पहिल्याच्या अंगावर चार बोटे लोंबता ठेवला. दोघांना एकमेकांत खिळा नाही. छप्पर हलले तरी आता चीर पडायला जागाच नाही. ओला चुना किंवा सिमेंट जस्ताला खाते, म्हणून दर्ज्यात शिरणाऱ्या कडेला आधी डांबर लावून घेतले.

धुराड्याची वरची, म्हणजे आढ्याकडची बाजू विशेष जपावी लागते. उतारावरचे पाणी तिथे अडून तुंबते, पालापाचोळा साठतो. म्हणून तिथे पत्र्याची आडवी पन्हळ करून ती दोन्ही बाजूंना उतरती ठेवतात, आणि तिची वरची कड कौलांखाली खोल सरकवतात. दोन पाख्यांमधल्या पन्हळीतही मधली वीतभर वाट मोकळी हवी. तिथे कौलांच्या कडा नेटक्या दिसाव्यात म्हणून सिमेंट भरणारे गवंडी मी पाहिले आहेत. त्या पन्हळीत पहिल्याच पावसात पाने अडतात आणि पाणी कौलांखाली मागे चढते.