जप्तीची यादी

रायपूरच्या गोलबाजारात रस्त्याकडेला माल मांडणाऱ्या फेरीवाल्याचा हक्क दिल्लीतील एका खटल्याने स्पष्ट झाला. सोदान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1989 मध्ये म्हटले, की पदपथावरील व्यवसाय हा अनुच्छेद 19(1)(छ) मधील मूलभूत हक्क आहे. मात्र अमुकच जागा मिळावी, असा हक्क कोणासही नाही. त्यामुळे जागा ठरविण्याचा अधिकार नगरपालिकांकडेच राहिला, आणि जप्तीचा प्रश्नही तसाच राहिला.

तो 2014 च्या पथविक्रेता अधिनियमाने सोडविला. कलम 18 नुसार हटविण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती मुदत संपूनही विक्रेता हटला नाही, तरच कलम 19 खाली माल जप्त करता येतो. त्याची यादी करून सही केलेली प्रत विक्रेत्यास देणे बंधनकारक आहे. विहित शुल्क भरून मागणी केल्यावर भाजी त्याच दिवशी, भांडी दोन कामकाजी दिवसांत परत करावी लागतात.

समजा, टोपल्या यादीविना गाडीत गेल्या. मग किती माल गेला, हे सिद्ध करणार कसे? म्हणून प्रशासनाने प्रथम पाहावा तो तोच कागद.